कुळी दिव्यांची

संग्रहालयाला पत्र लिहायचं म्हटलं की मायन्यापासूनच गाडी अडते. 'तीर्थरूप' म्हणावं तर नातं नाही, 'महोदय' म्हणावं तर पाण्याची तक्रार केल्यासारखं वाटतं. काकांचं मत 'सा. न. वि. वि.' घालावं असं पडलं, कारण त्यानंतर काहीही लिहिलं तरी शोभतं. ते त्यांनी घातलं आणि त्याखाली लगेच 'आमचे घराणे मूळचे थोर असून' असं सुरू केलं. थोरपणाचा पुरावा म्हणून खाली पितळेच्या २७ दिव्यांची यादी होती. तीत १४ दिव्यांपुढे 'समई, जुनी', ९ दिव्यांपुढे 'दिवा, फार जुना' आणि उरलेल्यांपुढे 'वरीलप्रमाणे' लिहिलं होतं.

संग्रहालयातून उत्तर आलं ते एका तरुण मुलीच्या फोनवरून. बोलणं गोड, पण प्रश्न वकिली. दिव्याची उंची किती? बैठकीचा व्यास? वजन? किती भाग आहेत, ते सुटे होतात का? कुठं चीर, झाळ, ठिगळ? हा दिवा घरात कधी आला, कुठून आला, कोण वापरत होतं, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं? प्रत्येक दिव्याचे समोरून, बाजूनं आणि तळाचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. "आणि काका," पलीकडे काका आहेत हे ओळखून ती म्हणाली, "जे दोष असतील ते लपवू नका हं."

काकांना हे सगळं ओळखीचं वाटलं. त्यांनी चाळीस वर्षं नातलगांच्या मुलामुलींची स्थळं जुळवली आहेत. उंची, वर्ण, शिक्षण, घराणं, चष्मा आहे का, हे प्रश्न त्यांना पाठ होते. फक्त दोष सांगा असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. पण एकदा स्थळ म्हटल्यावर त्यांचा हुरूप वाढला. काटा आला, शिवणाची टेप आली, आणि फोटो काढायचं व पत्र नव्यानं लिहायचं काम माझ्याकडे आलं.

यांतले बहुतेक दिवे जमवले माझ्या आजोबांनी. ते मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत कारकून होते. मिरज, बेळगाव, हुबळी अशा बदल्या होत, आणि प्रत्येक बदलीच्या गावाहून एखाददुसरा दिवा घरी येई. पगार बेताचा. मग हा नवाबी शौक परवडला कसा, याचं उत्तर सोपं आहे: दिवे तेव्हा मोडीच्या भावानं मिळत. आधी रॉकेल आलं, मग गावागावांत वीज आली, आणि तेलवातीच्या जड समया व साखळीचे लामणदिवे घरोघर अडगळ झाले. लग्नकार्याला पैसे लागले की कासाराकडे पितळ शेरावर विकायचं आणि कासारानं ते वितळवून त्याचे तांब्ये-घागरी करायचे, असा तो सरळ व्यवहार. आजोबा मुशीच्या तोंडावरून दिवे ओढून आणत, एवढंच.

पुण्यात दिनकर केळकर हेच काम मोठ्या प्रमाणावर करत होते. चष्म्यांचं दुकान चालवणारा हा माणूस 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिही आणि गावोगाव फिरून अडकित्ते, कुलपं, दौती, दिवे असं लोकांच्या नजरेतून उतरलेलं सामान गोळा करी. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभारलेलं ते संग्रहालय त्यांनी १९७५ साली राज्य सरकारच्या हवाली केलं. दिव्यांवर त्यांचं 'लॅम्प्स ऑफ इंडिया' हे इंग्रजी पुस्तकही आहे, १९६१चं. आमच्या आजोबांना त्यांच्याविषयी काही माहीत होतं की नाही, याचा घरात कागद नाही. काका मात्र 'दोघांचा परिचय असणारच' असं पत्रात घालायला निघाले होते. मी ते खोडलं. अशी खोडाखोड पुढे बरीच करावी लागली.

सगळ्यात जड खोडाखोड पेशव्यांची. आमच्याकडे एक दिवा आहे, त्याला घरात 'पेशव्यांचा दिवा' म्हणतात. पोट गोल, पाय नक्षीचा, मान उंच. आमच्या कुणा पूर्वजानं पेशव्यांच्या पदरी काही पराक्रम केला आणि खूश होऊन श्रीमंतांनी हा दिवा दिला, अशी कथा. पराक्रम कोणता याबद्दल तीन शाखांची तीन मतं आहेत. त्यातलं एक मत स्वयंपाकाशी संबंधित आहे. मी फोटो काढायला दिवा उचलला आणि मानेपाशी एक छोटीशी चक्री दिसली. ती फिरवली की आतली चपटी वात खालीवर होते. चक्रीवर झिजलेली परदेशी अक्षरंही आहेत. म्हणजे हा रॉकेलचा दिवा. पेशवाई बुडाली १८१८ साली, आणि रॉकेलचे दिवे जगातच आले ते १८५०च्या सुमाराला. त्यांची चाल आपल्याकडे पडली ती त्यानंतर. श्रीमंतांना हा दिवा द्यायचा असता, तर आधी तेल शोधून काढावं लागलं असतं.

काकांना हे सांगणं जिवावर आलं. ते थोडा वेळ दिव्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग नानासाहेबांच्या धाकट्या वंशजांपैकी कुणी दिला असेल." मी त्या मुलीला फोन केला. तिनं हसू आवरलं, याबद्दल मी तिची ऋणी आहे. ती म्हणाली, "कथा खोडू नका. 'घरातली समजूत' असा वेगळा रकाना करा आणि त्यात लिहा. वस्तूवर काय दिसतं ते एका रकान्यात, कागदावर काय आहे ते दुसऱ्यात, आणि घरात काय सांगतात ते तिसऱ्यात. सांगणाऱ्याचं नाव, वय आणि तारीख घाला." पेशवे तिसऱ्या रकान्यात गेले आणि काकांची तक्रार संपली. रॉकेलच्या दिव्याला आपल्या घरात शंभरेक वर्षं पेशव्यांचं नाव होतं, हीसुद्धा एक खरी गोष्टच आहे, आणि संग्रहालयाला ती हवी आहे.

दुसऱ्या रकान्यासाठी कागद सापडला तो आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत. बेळगावच्या मुक्कामातल्या एका पानावर 'समई १, वजन शेर अडीच' अशी ओळ आहे. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमच्या आसपास. अडीच शेर म्हणजे २ किलो ३३३ ग्रॅम. मी १४ समया एकेक करून काट्यावर चढवल्या. एक भरली २ किलो ३१० ग्रॅम, आणि बाकीची कुठलीच तिच्या जवळपासही नव्हती. ही तीच समई असावी, असं म्हणायला एवढा आधार पुरतो. तीच आहे, असं म्हणायला पुरत नाही. म्हणून पत्रात 'बहुधा' लिहिलं. काकांना 'बहुधा' हा शब्द घराण्याला कमीपणा आणणारा वाटतो. वरचे २३ ग्रॅम कुठे गेले, हे त्यांनी विचारलं. कासाराचा काटा तसा असेल, किंवा मग ते आत्याकडे गेले.

आत्या सांगलीला असते. वय ८६. दिवे संग्रहालयात जाणार म्हटल्यावर ती बस पकडून पुण्याला आली आणि पायांवर पाणी घेण्याआधी तिनं चिंच भिजत घातली. तिच्या दृष्टीनं प्रश्नच नव्हता. परक्या घरी वस्तू द्यायची तर ती लखलखीत द्यायची. दर आषाढ अमावास्येला, दिव्यांच्या अवसेला, तिनं लहानपणापासून हे दिवे घासलेले. चिंचेचा कोळ चोळायचा, मग रांगोळीची नाहीतर राखेची पूड नारळाच्या शेंडीनं घासायची, धुऊन पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य. त्या दिवशी दिव्यात तोंड दिसलं नाही, तर तिची आई पुन्हा घासायला लावी.

संग्रहालयाचं म्हणणं नेमकं उलट होतं: काही करू नका. मऊ कोरड्या कुंचल्यानं वरची धूळ झटका, हातांत सुती मोजे घाला, आणि थांबा. बोटांच्या घामातले क्षार पितळेवर ठसे उमटवतात आणि ते सहसा निघत नाहीत. चिंच, लिंबू, बाजारातली पूड, काहीही नको. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात जस्त आधी निघून जातं, तांबं उघडं पडतं, आणि वारंवार घासलेल्या पितळेवर गुलाबीसर डाग दिसू लागतात. आमच्या अर्ध्या समयांवर ते आहेत. आम्ही त्याला इतके दिवस 'जुन्या पितळेची झाक' म्हणत होतो. पूड तर त्याहून वाईट, कारण ती धातूच खाते. एका समईच्या शिखरावर हंस आहे. आत्याच्या आठवणीत त्याला चोच, डोळे आणि पंखांवर रेघा होत्या. आज तिथं एक गुळगुळीत गोळा आहे आणि त्याला हंस म्हणायला भक्ती लागते.

आणि घाण म्हणजे नुसती घाण नसते. तबकातल्या खाचांशी जमलेला काळा थर म्हणजे वात कुठं टेकायची याची खूण. पाच खाचांपैकी दोनच काळ्या असतील, तर त्या घरी रोज दोनच वाती लागत होत्या, एवढं समजतं. जुन्या तेलाचा चिकट थर वाळून रोगणासारखा होतो, आणि त्याखाली तेलातली आम्लं तांब्याशी मिळून हिरवा मेणासारखा लेप धरतात. तो काढायला लागतो, पण तो काय आहे हे बघून, तिथल्या माणसांनी. हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही आयुष्यभर घासलं ते चुकलं?"

चुकलं नव्हतं. दिवे देवापुढे लावायचे होते तोवर घासणंच बरोबर होतं. कपाटात ठेवायचे म्हटल्यावर नियम बदलला. हे तिला पटलं की नाही, सांगता येत नाही. पण तिनं चिंच आमटीत घातली.

घाण तशीच राहिली म्हणूनच पुढचं घडलं. एका बुटक्या समईच्या तळाचा फोटो काढताना मला बैठकीच्या कडेला बारीक पांढरे ठिपके दिसले. पूर्वी भांड्यांवर नावं घालत, ती रेघेनं नसत. नाव घालणारा छोट्या छिन्नीनं आणि हातोडीनं टिंबाटिंबाची अक्षरं पाडी. घासून घासून ती टिंबं उथळ झालेली, पण त्यांत वर्षानुवर्षांची रांगोळी बसून पांढरी पडली होती. जी पूड अक्षरं खात होती, तिनंच ती वाचण्याजोगी ठेवली. मोबाइलचा टॉर्च समोरून मारला तर काही दिसेना. तो टेबलाला चिकटवून, अगदी आडवा धरला, तेव्हा प्रत्येक टिंबाची सावली पडली आणि ओळ उठून आली. आधी एका माणसाचं नाव आणि गाव, मग 'यांजकडून चि. सौ. कां.' आणि एका मुलीचं नाव, शेवटी 'वैशाख शके १८३४'. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं: १९१२.

ती आमची पणजी. तिचं लग्न १९१२च्या उन्हाळ्यात झालं हे वंशावळीत आहे. वंशावळीत तिचं नावही आहे, पण ते सासरचं, लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं. माहेरी तिला काय म्हणत, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या वडिलांनी कासाराकडे जाऊन ते पितळेवर घालून घेतलं होतं आणि सासरच्या देवघरात ती समई ते नाव तळाशी घेऊन शंभरावर वर्षं उभी होती. खाजगी गोष्ट आहे म्हणून नाव इथे देत नाही, संग्रहालयाच्या पत्रात दिलं आहे. मी ते मोठ्यानं वाचलं. आत्यानं समई जवळ ओढली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "हे माझं नाव आहे." खरंच होतं. तिचं पाळण्यातलं नाव पणजीनं हट्टानं ठेवलं होतं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

संग्रहालयाच्या लेखी या एका ओळीनं त्या बुटक्या समईचा भाव बाकी २६ दिव्यांच्या वर गेला. नक्षीदार समया त्यांच्याकडे भरपूर आहेत. तारीख, गाव, देणारा आणि घेणारी असं सगळं अंगावर लिहिलेली, आणि घराबाहेर कधी न गेलेली, अशी फारशी नसते. समयांच्या वयाबद्दल लोक आकारावरून ठाम बोलतात, त्यावर त्या मुलीचा फारसा भरवसा नव्हता. चांगला घाट सापडला की कारागीर तोच पिढ्यान्‌पिढ्या ओततात. तिनं आटे बघायला सांगितलं. हातानं पाडलेले आटे सारखे नसतात, त्यामुळे एका समईचा खांब दुसरीच्या बैठकीत नीट बसत नाही. आमच्या तीन समयांचे खांब मात्र एकमेकींत गुपचूप फिरत होते. त्या यंत्रावरच्या, म्हणून अलीकडच्या, असा तिचा अंदाज. काकांनी त्यांना 'समई, जुनी' या गटात टाकलं होतं.

मग आल्या अटी. काकांना संगमरवरी पाटी हवी होती, आणि सगळे दिवे एकत्र, कायम मांडलेले. उत्तर आलं की अटी घालून दिलेली वस्तू ते घेत नाहीत. कुठल्याही संग्रहालयाचा बराच भाग कोठारातच असतो, आणि आज मांडलेलं उद्या आत जाऊ शकतं. पाटी नाही, वस्तूच्या चिठ्ठीवर देणाऱ्याचं नाव येईल. वस्तूवर नोंदीचा क्रमांकही घालतात, पण टिंबांनी नव्हे, पुसता येईल अशा पारदर्शक लेपावर, दिसणार नाही अशा जागी. मालकीचं म्हणाल तर, वाटणी न झालेल्या वस्तूवर सगळ्या वारसांचा हक्क, तेव्हा सह्या सगळ्यांच्या हव्यात, आत्याचीसुद्धा. खंडोबाची दिवटी-बुधली यादीतून आम्हीच काढली. तळी भरताना ती अजून लागते, आणि वापरातली वस्तू देऊ नये.

अमेरिकेतला चुलतभाऊ इतके दिवस 'जे कराल ते मान्य' म्हणत होता. शके १८३४चं ऐकल्यावर त्याला 'एक आठवण' म्हणून तीच समई हवीशी झाली. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. कुटुंबातला एक वाद संसदेनं आमच्या जन्माच्या आगेमागेच मिटवून ठेवला होता, हे कळून बरं वाटलं. त्याला यंत्राच्या आट्यांची एक समई देऊ केली आहे. ती जड आहे आणि सुटी होऊन बॅगेत मावते.

शेवटी गेलेलं पत्र दीड पानी आहे. 'थोर' हा शब्द त्यात नाही. 'बहुधा' चार ठिकाणी आहे. मायना काकांचाच ठेवला. संग्रहालयानं सहा दिवे पसंत केले: बेळगावची अडीच शेरांची समई, दोन लामणदिवे, एक ठाणवई, पेशव्यांचा रॉकेलचा दिवा आणि टिंबांची समई. उरलेले आता नातलगांत वाटायचे आहेत, प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीसह. चिकटपट्टी लावायची नाही. तिचा गोंद पितळेवर डाग सोडतो.

सह्यांच्या दिवशी आत्यानं सही केली पाच दिव्यांवर. सहाव्यासाठी ती म्हणाली, "माझ्या नावाची वस्तू आहे, मी गेल्यावर घ्या म्हणावं." संग्रहालय अटी घेत नाही, म्हणून आम्ही समई यादीतून काढली आणि तिची नोंद, तिन्ही रकाने भरून, फोटोंसकट तेवढी पाठवली. त्या मुलीनं ती आनंदानं ठेवून घेतली आणि समईबद्दल पुढे पुन्हा पत्र लिहा म्हणाली. समई सध्या सांगलीला आहे. तिला चिंच लावायची नाही, असं आत्यानं कबूल केलं आहे. दिव्यांची अवस अजून यायची आहे.